नमस्काराच्या मागोमाग खाते क्रमांक आला तर

प्रश्न: "मी इंदूरला एका सहकारी बँकेच्या मदत क्रमांकावर बसते. फोन घेते, व्हॉट्सॲपही बघते. बरेच ज्येष्ठ खातेदार 'नमस्कार ताई' म्हटल्याबरोबर पूर्ण खाते क्रमांक आणि घरचा पत्ता सांगून मोकळे होतात. मी काहीच विचारलेलं नसतं. थांबवलं की दुखावतात, नाही थांबवलं तर मलाच धाकधूक वाटते. नेमकं काय बोलावं?"

उत्तर:

मी इंदूरमध्येच आधी काउंटरवर आणि नंतर टेलिफोनवर बरीच वर्षं काढली आहेत. आता नव्या मुलामुलींना हेच काम शिकवते, त्यामुळे ही तुमची धाकधूक ओळखीची आहे. पण ही मंडळी निष्काळजी आहेत असं समजून सुरुवात केलीत, तर पुढचं सगळं बोलणं बिघडेल. ती निष्काळजी नाहीत. त्यांच्या मते ती नीट वागत आहेत.

जुन्या काउंटरवर खिडकीशी पोचलं की पहिला प्रश्न "खातं नंबर?" हाच असायचा. क्रमांकावरून लेजरचं पान निघायचं. ज्याला तो पाठ नसे त्याला बाजूला उभं राहून पासबुक शोधावं लागे आणि मागची रांग कुरकुरायची. त्या शिस्तीत ज्यांची उमर गेली, ते फोन उचलल्याबरोबर क्रमांक सांगतात तेव्हा तुमचा वेळ वाचवत असतात. पत्त्याचंही तसंच आहे. आपल्याकडची जुनी मराठी माणसं नुसतं नाव सांगत नाहीत. "आम्ही रामबागेतले", "लोकमान्य नगरात पाण्याच्या टाकीमागे आमचं घर" असं सांगितल्याशिवाय त्यांना आपली ओळख पूर्ण झाली असं वाटत नाही. म्हणजे पत्ता हा त्यांच्यासाठी परिचयाचा भाग आहे, गोपनीय माहिती नाही. म्हणून तुम्ही "नंबर सांगू नका" म्हणता तेव्हा त्यांना ऐकू येतं ते "तुम्हाला वागायची रीत कळत नाही". दुखावतात ते यामुळे.

तेव्हा तुमच्यापुढे काम दोन आहेत. त्यांची ओळख स्वीकारायची आणि क्रमांक मात्र स्वीकारायचा नाही. ही दोन्ही एकाच वाक्यात बसतात, पण त्याआधी धोका किती आणि कुठे आहे ते स्पष्ट करते, कारण घाबरलेल्या माणसाचा आवाज कधी मऊ राहत नाही.

नुसत्या खाते क्रमांकावरून कुणी पैसे काढू शकत नाही. तो प्रत्येक चेकवर आयएफएससीसकट छापलेला असतो, आणि कुणाकडून पैसे यायचे असतील तर द्यावाच लागतो. त्यामुळे कुणी क्रमांक सांगितला म्हणून अनर्थ झाला असं मानू नका आणि त्यांनाही तसं भासवू नका. धोका पुढच्या फोनमध्ये असतो. उद्या कुणी भामटा त्याच काकांना फोन करून म्हणतो, "काका, मी बँकेतून बोलतोय. आपलं खातं अमुक, पत्ता अमुक, बरोबर ना? केवायसी संपत आलीय." क्रमांक आणि पत्ता दोन्ही बरोबर निघाल्यावर काका विश्वास ठेवतात आणि पुढचा ओटीपी सांगून बसतात. त्यात भर म्हणजे, आपणच रोज फोनवर त्यांच्याकडून क्रमांक ऐकून घेत असू, तर "बँकेशी बोलताना क्रमांक द्यायचा असतो" ही सवय आपणच पक्की केलेली असते. मग तो भामटा आणि तुम्ही यांत फरक करायला त्यांच्या हाती काही उरत नाही. तुमचं मऊ पण ठाम थांबवणं का महत्त्वाचं, याचं माझं कारण हे आहे.

ओटीपी, एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन, कार्डामागचे तीन आकडे आणि पासवर्ड यांचा प्रकार वेगळा. तिथे मृदूपणाला दुसरं स्थान. त्याबद्दल शेवटाकडे लिहिते.

आता बोलायचं काय. फोन उचलल्यावर "नमस्कार" म्हणून थांबू नका. थांबलात की ती रिकामी जागा क्रमांकाने भरते. "नमस्कार, मदत कक्षातून मी अमुक बोलते. आपलं नाव सांगा आणि काम काय आहे ते सांगा," असं एका दमात म्हणा. नाव आणि काम, या दोन गोष्टी मागितल्या की बहुतेक जण त्याच देतात. ज्यांची जीभ तरीही क्रमांकाकडे वळते त्यांना मध्येच तोडावं लागतं, आणि तोडायची एक जागा असते. माणूस मोठा क्रमांक सलग म्हणत नाही. तीन-तीन किंवा चार-चार आकड्यांचे गट करतो आणि प्रत्येक गटानंतर श्वास घेतो. पहिल्या गटानंतरच्या त्या श्वासात बोला: "काका, नंबर तूर्त राहू द्या, मला लागला तर मी विचारते. आधी अडचण सांगा, काय झालं?" वाक्य प्रश्नावर संपतं, म्हणून ते लगेच अडचणीकडे वळतात आणि नकार मागे पडतो. "काका" किंवा "काकू" हे सुरुवातीलाच यायला हवं. नाव कळलं असेल तर आडनावाला काका जोडा. आपण ऐकून घेतोय हे त्यांना तिथेच कळतं.

कारण सांगायचंच असेल तर स्वतःकडे घ्या. "मला त्याची गरज पडत नाही" म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही. "असं सांगायचं नसतं" म्हटलं की होतो. फसवणुकीचं व्याख्यान सुरुवातीला तर नकोच. ज्याचं काम अजून झालेलं नाही त्याला तो उपदेश टाळाटाळीसारखा वाटतो, आणि भित्र्या माणसाला इतका घाबरवतो की पुढच्या वेळी खरी गोष्टही तो आपल्यापासून लपवतो. सावधगिरीचं एकच वाक्य, काम झाल्यावर, फोन ठेवायच्या आधी: "काकू, पुढच्या वेळी फक्त नाव आणि काम सांगा, बाकी आमच्याकडे असतं." त्यांना पुढच्या वेळची योग्य रीत मिळाली की ती पाळण्यात त्यांना आनंद वाटतो. हीच मंडळी दुसऱ्या खेपेला अभिमानाने म्हणतात, "ताई, नाव आणि काम, एवढंच सांगतो बघा."

क्रमांक ऐकला तर तो परत म्हणू नका, हे मी सगळ्यांत जास्त घोकून घेते. आपल्याला जुनी खोड असते: समोरच्याने सांगितलं की आपण खात्रीसाठी मोठ्याने वाचून दाखवायचं. शाखेत तुमच्या टेबलासमोर चार माणसं बसलेली असतात. तिकडे काकांनी फोन स्पीकरवर ठेवलेला असतो आणि ते सराफ्यात दुकानाच्या पायरीवर उभे असतात. तुम्ही आकडे आणि पत्ता म्हटलात की दोन्हीकडे जाहीर झाले. खात्रीच हवी असेल तर "शेवटचे चार आकडे सांगा" म्हणा, आणि ते स्क्रीनशी ताडून फक्त "हो, मिळालं" म्हणा. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलताना हे कठीण जातं, कारण तो ओरडून सगळा क्रमांक म्हणतो. त्याला फोनवर काही पडताळायच्या भानगडीत न पडता शाखेत यायला किंवा घरच्या माणसाला सोबत आणायला सांगणं बरं.

आता सगळ्यांत नाजूक भाग. न विचारता मिळालेली माहिती ही ओळखीचा पुरावा नसते. समोरच्याने खाते क्रमांक, पत्ता सगळं बिनचूक सांगितलं म्हणून तो खातेदार ठरत नाही. तेवढं पासबुकाच्या पहिल्या पानावर असतं, आणि ते पान घरातल्या कुणालाही, भाडेकरूला, झेरॉक्सवाल्यालाही दिसतं. पुरावा तोच, जो तुम्ही निवडून विचारलेल्या प्रश्नाला मिळतो किंवा नोंदवलेल्या मोबाइलवर तुम्ही स्वतः केलेल्या फोनवर मिळतो. स्क्रीनवर आलेल्या नंबरवरून ओळख पटली असं मानू नका, तो नंबर बनावट दाखवता येतो. फोन ठेवून आपल्या नोंदीतल्या नंबरवर उलटा फोन केला की मात्र तो खातेदाराने नोंदवलेल्या नंबरवरच जातो. नोंदीतला नंबर जुना असेल तर हा मार्ग बंद. मग शाखेत यायलाच सांगावं लागतं आणि थोडा राग पत्करावा लागतो.

एक प्रसंग पूर्ण मांडते, म्हणजे हे कसं जुळतं ते दिसेल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. व्हॉट्सॲपवर सकाळी संदेश येतो: "नमस्कार. माझं नाव अमुक. खाते क्र. (पूर्ण चौदा आकडे). पत्ता (घर, गल्ली, खूण, पिनकोड). नवीन चेकबुक मागवून बरेच दिवस झाले. अजून मिळाले नाही. कृपया वरील पत्त्यावर पाठवावे." खाली पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो.

वाचताना वाटतं, सगळी माहिती आहे, उघडा खातं आणि करा काम. इथेच थांबायचं, कारण या संदेशात "वरील पत्त्यावर" हे दोन शब्द आहेत. चेकबुक आपण फक्त नोंदवलेल्या पत्त्यावर पाठवतो. संदेशातला पत्ता नोंदीशी जुळत नसेल तर ते घर बदलल्यामुळे असू शकतं, आणि कुणीतरी दुसराच चेकबुक आपल्या दारी वळवत असल्यामुळेही असू शकतं. संदेशावरून हा फरक कळत नाही. म्हणून कितीही सविस्तर आला तरी त्या पत्त्याच्या आधाराने काहीही करायचं नाही, आणि "आमच्याकडे वेगळा पत्ता आहे" असंही उत्तरात लिहायचं नाही. असं लिहिलं की खरा पत्ता दुसरा कुठलातरी आहे एवढी खूण समोरच्या भामट्याला फुकट मिळते.

आम्ही पाठवलेलं उत्तर असं होतं: "नमस्कार काका. आपला संदेश मिळाला, चेकबुकची चौकशी मी लगेच हाती घेते. आज दुपारी १२ ते १ च्या दरम्यान बँकेत नोंद असलेल्या आपल्या मोबाइलवर मी फोन करेन. तोपर्यंत काही पाठवायची गरज नाही. पासबुकाचा फोटो आणि क्रमांक मला नकोत, जमलं तर ते आपल्या बाजूने काढून टाका. कसं काढायचं ते फोनवर सांगते." पहिल्या ओळीत नमस्कार आणि काम. मग पुढे काय होणार आणि कधी. फोटोचं वाक्य त्यानंतर. हा क्रम उलटा लावला असता तर काकांना वाटलं असतं की चेकबुक राहिलं बाजूला, आधी रागावले.

फोनवर त्यांनी पुन्हा पत्ता सांगायला सुरुवात केली. "काका, पत्ता राहू द्या. चेकबुक निघाल्याचा मेसेज मोबाइलवर आला होता का?" आला होता. पाठवणीच्या नोंदीत स्पीड पोस्टचा क्रमांक होता, तेरा अक्षर-आकड्यांचा, सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं आणि शेवटी IN. त्यावरून पोस्टाच्या संकेतस्थळावर कळलं की पाकीट दारापर्यंत गेलं होतं, दार बंद होतं आणि ते परत निघालं. म्हणजे घर तेच, पत्ताही तोच. काका मुलीकडे गेले होते एवढंच. पाकीट शाखेत परत आल्यावर ओळखपत्र दाखवून त्यांनी ते स्वतः नेलं. पूर्ण कामात त्यांनी पाठवलेला पत्ता एकदाही उपयोगी पडला नाही, आणि खाते क्रमांकसुद्धा नाही, कारण खातं नोंदवलेल्या मोबाइलवरून शोधता आलं. तुमच्या संगणकावरही मोबाइल किंवा ग्राहक क्रमांकाने शोध लागतो का, ते एकदा बघून ठेवा. लागत असेल तर "आधी नंबर द्या" म्हणायचं कारणच उरत नाही. लागत नसेल तर क्रमांक तुम्हालाच मागावा लागेल, आणि तेही नाव आणि काम कळल्यावरच.

पाकीट परत आलंच नसतं तर मात्र गोष्ट वेगळी होती. वाटेत गहाळ झालेल्या चेकबुकातल्या सगळ्या चेकांचे क्रमांक लगेच थांबवून ठेवावे लागतात. अशा वेळी काकांच्या भावना जपण्यापेक्षा त्यांच्याकडून लेखी सूचना त्याच दिवशी मिळवणं महत्त्वाचं.

घर खरंच बदललेलं असतं तर? तेव्हा "काका, पत्ता बदलायचा असेल तर एकदा शाखेत कागद दाखवावे लागतील, फोनवर मी बदलू शकत नाही" एवढंच. इथे बरेच जण म्हणतात, "अहो, तुम्ही तर आम्हाला ओळखता!" छोट्या शाखेत आवाज खरोखर ओळखीचा असतो, आणि अशा वेळी नियम पुढे करणं जड जातं. मी सांगते, "ओळखते म्हणूनच. उद्या दुसरं कुणी आपला पत्ता बदलायला फोन केला तर त्यालाही मी हेच सांगणार आहे." हे लोकांना पटतं, कारण त्यात त्यांचंच रक्षण दिसतं.

मुलगा किंवा सून वडिलांच्या वतीने फोन करते आणि सगळे तपशील धडाधड सांगते, हाही रोजचा प्रकार. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण खातं संयुक्त नसेल आणि बँकेकडे अधिकारपत्र नसेल, तर शिल्लक, व्यवहार, पत्ता यांतलं काही त्यांना सांगता येत नाही. "बाबा जवळ असतील तर त्यांना फोन द्या, त्यांच्याशी बोलून घेते" हा सरळ मार्ग. ते जवळ नसतील तर सर्वसाधारण माहिती द्या, म्हणजे चेकबुकला किती दिवस लागतात, कुठले कागद लागतात, शाखेची वेळ काय. खात्यातलं काही नाही.

आता व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुराचं करायचं काय. फोनवरचा क्रमांक हवेत विरतो, लिहिलेला राहतो. तुम्ही "डिलीट फॉर मी" केलं तर फक्त तुमच्या बाजूचं जातं. दोन्हीकडून काढायचं तर पाठवणाऱ्यानेच "डिलीट फॉर एव्हरीवन" करावं लागतं, आणि तेही साधारण दोन दिवसांच्या आतच करता येतं. म्हणून त्याच दिवशीच्या फोनवर त्यांना पायरीपायरीने सांगा: संदेशावर बोट दाबून धरा, वर कचरापेटीचं चिन्ह येईल, त्यावर दाबा, मग "डिलीट फॉर एव्हरीवन" हा पर्याय निवडा. काकांना नाही जमलं तर तगादा लावू नका, नातवंडाला सांगायला सुचवा. तुमच्या बाजूला मात्र फोटो आपोआप गॅलरीत उतरत नाहीत ना, ते सेटिंगमध्ये बघून बंद करा. आणि हा सगळा व्यवहार तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर चालत असेल तर आजच साहेबांशी बोला, तो बँकेच्या नंबरवर न्यायला हवा. खातेदारांची पासबुकं आणि तुमच्या घरच्या लग्नाचे फोटो एकाच फोनमध्ये असता कामा नयेत.

तो संदेश सहकाऱ्याला पुढे पाठवण्याचा मोह होतो, "जरा हे बघ" म्हणून. तसं केलंत की एकाच्या दोन प्रती झाल्या आणि दुसरी कुणाकडे राहील ते तुमच्या हातात नाही. त्याऐवजी खातं उघडून तक्रार नोंदवा आणि सहकाऱ्याला तक्रारीचा क्रमांक द्या. तक्रारीच्या शेरा रकान्यातही खाते क्रमांक किंवा पत्ता चिकटवू नका, कारण तो रकाना सगळ्या शाखांना दिसतो. "चेकबुक मिळाले नाही, नोंदवलेल्या मोबाइलवर बोलले" एवढं पुरतं. एखादी काकू बोलता बोलता "मी घरी एकटीच असते, दुपारी दार उघडंच असतं" असं सांगून जाते. तेही कुठेच लिहायचं नाही. टेलिफोनजवळ जुनी वही असते, तीत आकडे टिपायची सवय असेल तर ती वही खणात आणि खणाला कुलूप.

नात्यागोत्याच्या किंवा मंडळाच्या ग्रुपवर कुणी "माझं खातं अमुक, वर्गणी यावर टाका" असं पूर्ण पत्त्यासह टाकलं, तर सगळ्यांसमोर दुरुस्ती करू नका. त्यांना वेगळा फोन करा. ग्रुपचा ॲडमिन इतरांचा संदेश सगळ्यांसाठी काढू शकतो, तेव्हा त्यांची परवानगी घेऊन ॲडमिनला सांगा. वर्गणी गोळा करायची असेल तर खात्याचा क्यूआर कोड द्यायला सुचवा, त्यात घरचा पत्ता लागत नाही.

आता ज्या दोन वेळी ही सगळी मृदू रीत बाजूला ठेवायची, त्या.

पहिली, ओटीपी किंवा पिन. समोरच्याने "ताई, आत्ताच एक नंबर आलाय, सहा आकडी..." म्हटलं की वाक्य पूर्ण होऊ देऊ नका. आवाज चढवला तरी चालेल: "थांबा! तो मलाही सांगू नका." त्यानंतर लगेच आवाज खाली आणून विचारा, "हा मेसेज कशासाठी आला? आत्ता दुसरं कुणी फोनवर होतं का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर ते चालू फसवणुकीच्या मधोमध तुमच्याशी बोलत आहेत, आणि तुम्ही आता दुसऱ्या वेळेत शिरला आहात.

ती दुसरी वेळ म्हणजे पैसे जात असताना किंवा नुकतेच गेलेले असताना. अशा वेळी काकांनी धापा टाकत खाते क्रमांक सांगितला तर तो घ्या, लिहा आणि आधी खात्यातून पैसे निघणं थांबवा. बंद करण्यासाठी ओळख पटवायची गरज थोडी असते, कारण चुकीच्या माणसाच्या सांगण्यावरून खातं तासभर अडलं तर गैरसोय होते, पैसे जात नाहीत. उघडण्यासाठी आणि माहिती देण्यासाठी मात्र पूर्ण पडताळणी. मग त्यांना १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला सांगा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करायला घरच्यांची मदत घ्यायला सांगा, आणि तुमच्याकडे तक्रार कळवल्याची वेळ नोंदवून तिचा क्रमांक त्यांना द्या. या वेळेला किंमत आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार (सहकारी बँकांसाठीचे त्याच वर्षीच्या डिसेंबरमधले) चूक खातेदाराची नसेल, बँकेचीही नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर नुकसान खातेदारावर पडत नाही. खातेदाराने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून अशा फोनवर "तुम्ही सांगितलातच का?" हा प्रश्न विचारण्यात एक मिनिटही घालवू नका. घाबरलेला माणूस तो प्रश्न ऐकून फोन ठेवतो, आणि कळवण्याची वेळ पुढे जाते.

थोडक्यात सांगायचं तर रोजच्या फोनवर नाव, काम, मग गरज पडली तरच शेवटचे चार आकडे. लेखी आलं तर नोंदीतल्या नंबरवर उलटा फोन. गुप्त आकडे आले तर तोडा, पैसे जात असतील तर आधी थांबवा.

एक गोष्ट तुमच्या एकटीच्या हातात नाही, ती साहेबांकडे मागा. मदत क्रमांक लागल्यावर वाजणाऱ्या ध्वनिमुद्रित स्वागतात "कृपया नाव आणि काम सांगा, खाते क्रमांक लागल्यास आम्ही विचारू" हे वाक्य घालून घ्या, मराठीत आणि हिंदीत दोन्हीत, कारण आपल्या शहरात एकाच घरातले आजोबा मराठीत बोलतात आणि नातू हिंदीत. व्हॉट्सॲप बिझनेसवर आपोआप जाणारा स्वागत संदेश लावता येतो. तो पहिल्या संदेशानंतर जातो, म्हणून एकाच संदेशात सगळं लिहिणाऱ्यांना तो अडवू शकत नाही. पण "नमस्कार" एवढंच लिहून थांबणाऱ्यांना तो वेळेवर पोचतो. सगळं एकदम लिहिणाऱ्यांसाठी शाखेतल्या फलकावर आणि पासबुकाच्या मुखपृष्ठावर, जिथे मदत क्रमांक छापलेला असतो त्याच्या शेजारीच, हे वाक्य छापून घ्या, कारण क्रमांक बघताना नजर तिथे जातेच.